रोज किती डबे गेले की भाडं सुटतं? डब्याच्या व्यवसायाचं गणित

डबे देणाऱ्या कुणालाही "धंदा कसा चाललाय?" असं विचारलं की बहुतेक वेळा डब्यांची संख्या ऐकू येते. पन्नास डबे जातात, साठ जातात. पण पन्नास डब्यांवर एखादीचा महिना नीट निघतो आणि तेवढ्याच डब्यांवर दुसरीला गाळ्याचं भाडं देताना हात आखडावा लागतो. कारण हिशोबाला अर्थ येतो तो एका डब्यामागे हातात किती उरतं आणि महिन्याला डोक्यावर किती ठरलेला खर्च आहे, या दोन आकड्यांनी. हे दोन आकडे खरे मिळाले, तर रोज किती डबे गेले म्हणजे ना नफा ना तोटा, हे एका भागाकारात कळतं. त्या संख्येला व्यवहारात ब्रेक-इव्हन म्हणतात. भागाकार सोपा आहे, आकडे खरे मिळवणं अवघड आहे. म्हणून या लेखात जास्त वेळ त्यावरच घालवू.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच चालवू. एका ताईंनी स्वयंपाकासाठी छोटा गाळा भाड्याने घेतलाय. फक्त दुपारचा डबा, रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याचे 26 दिवस. डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण, भात, कोशिंबीर किंवा लोणचं. दर डब्याला 90 रुपये. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. रीत तीच राहील.

आधी ठरलेले खर्च, म्हणजे एकही डबा गेला नाही तरी द्यावेच लागणारे. गाळ्याचं भाडं 12,000. पोळ्या आणि वरकामाला असलेल्या मावशींचा पगार 10,000. डबे पोहोचवणाऱ्या मुलाचे अर्धवेळाचे 7,000. वीज, पाणी, फोन मिळून 2,000. मिक्सर, शेगडी, भांडी, स्टीलचे डबे कधी ना कधी बदलावे लागतात, त्यासाठी दरमहा बाजूला 1,000. बेरीज 32,000.

यात एक आकडा अजून आलेला नाही. ताई पहाटे पाचला उठून भाजी निवडतात, फोडण्या घालतात, फोन घेतात, पैसे वसूल करतात. त्या कामाचं मोल या बेरजेत कुठेच नाही. "उरलं की ते माझंच" असं म्हणायची पद्धत आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. तसं धरलं तर 32,000 निघाले की हिशोब "तोटा नाही" असं दाखवतो, आणि ताई महिनाभर फुकट राबलेल्या असतात. हेच काम दुसऱ्याच्या मेसमध्ये केलं असतं तर जो पगार मिळाला असता, तो खर्चात धरायचा. आपण 16,000 धरू. आता ठरलेला खर्च झाला 48,000.

आता डब्यागणिक वाढणारा खर्च. तो वजनाने काढायचा, अंदाजाने नाही. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ धरलं तर चार पोळ्यांना 120 ग्रॅम, म्हणजे पाचेक रुपये. निवडण्याआधीची दीडशे ग्रॅम भाजी, 60 रुपये किलोच्या सरासरीने 9 रुपये. इथे निवडण्याआधीचं वजन महत्त्वाचं, कारण मेथीची जुडी निवडली की बराच भाग टोपलीत जातो आणि पैसे मात्र सगळ्या जुडीचे दिलेले असतात. डाळ 4, तांदूळ 4, तेल 3, मसाले आणि मीठ 3, कोशिंबीर-लोणचं 4. किराणा आणि भाजी मिळून 32 रुपये.

गॅसचा आकडा बहुतेक जण हवेतून काढतात, पण तो मोजायला सगळ्यात सोपा आहे. व्यवसायाला घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर चालत नाही, 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागतं. नवीन सिलिंडर लावलं की त्यावर खडूने तारीख लिहायची आणि ते संपेपर्यंत किती डबे विकले ते वहीतून मोजायचं. 1,800 रुपयांच्या सिलिंडरवर 360 डबे विकले गेले असतील तर डब्याला 5 रुपये. डबे घासायला साबण-पावडर 1 रुपया, मुलाच्या गाडीचं पेट्रोल 4 रुपये. एकूण 42.

90 रुपयांतून 42 गेले की 48 उरतात. या 48 ला मी या लेखात शिल्लक म्हणेन. हा नफा नव्हे. प्रत्येक डबा हे 48 रुपये ठरलेल्या खर्चाच्या डोंगरावर टाकत जातो, आणि डोंगर पूर्ण झाकला गेल्यावर पुढच्या डब्याचे 48 खऱ्या अर्थाने नफ्याचे होतात. म्हणून:

महिन्याचे ठरलेले खर्च ÷ एका डब्यामागची शिल्लक = महिन्याला लागणारे डबे

48,000 ला 48 ने भागलं की 1,000 डबे. 26 दिवसांत रोजचे साडेअडतीस, म्हणजे 39. ताईंनी स्वतःचा पगार धरला नसता तर उत्तर रोज 26 आलं असतं, आणि तिसाव्या डब्याला त्या नफ्यात आहोत असं समजून बसल्या असत्या.

इतपत गणित बरेच जण करतात. पुढे खरी गडबड सुरू होते, कारण 32 रुपयांचा माल हा कागदावरचा आकडा आहे. प्रत्यक्षात किती माल गेला ते पाहायची एक जुनी रीत आहे, दुकानदारही ती वापरतात. महिन्याच्या पहिल्या सकाळी स्वयंपाकाला हात लावण्याआधी पीठ, डाळ, तांदूळ, तेल, मसाले यांतलं काय किती आहे ते मोजून किंमत लिहायची. महिनाभर आणलेल्या प्रत्येक मालाचं बिल, भाजीवाल्याची चिठ्ठीसुद्धा, एका डब्यात टाकत जायचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सकाळी पुन्हा मोजायचं. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, त्यातून शेवटी उरलेला माल वजा. जे येईल तेवढा माल खरोखर संपला.

समजा ताईंकडे सुरुवातीला 6,000 चा माल होता, महिन्यात 34,500 ची खरेदी झाली आणि शेवटी 4,500 चा माल उरला. म्हणजे 36,000 चा माल लागला. त्या महिन्यात विकलेले डबे होते 1,000. मग एका डब्याला माल पडला 36 रुपयांचा, 32 चा नव्हे. भागताना संख्या घ्यायची ती विकलेल्या डब्यांची. रांधलेल्या डब्यांनी भागलं तर आकडा गोड दिसतो आणि नेमकी जी गळती शोधायची तीच लपते.

हे चार रुपये गेले कुठे? डबे कमी पडायला नकोत म्हणून रोज चार डब्यांचा जास्तीचा स्वयंपाक होत असेल, तर 26 दिवसांत 104 डबे होतात. 32 रुपयांनी ते 3,328 रुपये झाले. उरलेलं काही तेलाच्या सैल हातात जातं, काही भाजी फ्रिजमध्ये मान टाकते. आणि एक वाट अशी असते की तिच्याकडे कुणी चोरी म्हणून पाहत नाही, पाहूही नये, पण मोजावी मात्र लागते: घरच्यांचं दुपारचं जेवण त्याच पातेल्यातून निघतं. घरच्यांनी जेवायला काहीच हरकत नाही. फक्त त्या ताटांची रोज वहीत नोंद ठेवा आणि तेवढा माल घरखर्चातून व्यवसायाला द्या. नाहीतर डब्याचा धंदा तोट्यात दिसेल आणि घरचा किराणा कमालीचा स्वस्त वाटेल.

माल 36 धरला की डब्यामागचा खर्च 46 आणि शिल्लक 44. मग 48,000 भागिले 44, म्हणजे 1,091 डबे. रोज 42. माल चार रुपयांनी सरकला आणि रोज तीन डबे जास्त विकणं भाग पडलं. एका सुट्या खाड्याचा हिशोब सोडला तर यापुढचा सगळा हिशोब आपण 44 वरच करू, कारण तो मोजलेला आकडा आहे.

आता असं वाटेल की 42 गिऱ्हाईकं मिळाली की झालं. इथे डब्याचा धंदा इतर दुकानांपेक्षा वेगळा पडतो, कारण इथे खाडे असतात. कुणी गावाला जातं, कुणाचा उपवास, कुणाकडे ऑफिसात पार्टी, विद्यार्थ्यांच्या परीक्षा संपल्या की आख्खी खोली रिकामी. खाड्याचे पैसे कापून द्यायची पद्धत असेल तर वहीतली नावं आणि गेलेले डबे यांत चांगलंच अंतर पडतं. एका गिऱ्हाइकाचे महिन्याला सरासरी चार खाडे धरले तर त्याचे 26 नव्हे, 22 डबे झाले. 1,091 ला 22 ने भागा: 50 गिऱ्हाईकं लागतात. म्हणजे यादीत 45 नावं असताना, रोज धावपळ दिसत असतानाही महिनाअखेर पैसे कमी का पडतात, त्याचं उत्तर इथे असतं.

खाड्याचा महिन्याचा सरासरी आकडा प्रत्येकीने स्वतःच्या वहीतून काढावा. नोकरदारांना डबे जात असतील तर तो कमी येईल. वसतिगृहातली मुलं असतील तर दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इतका वाढतो की वर्षाची सरासरी काही कामाची राहत नाही. अशा वेळी सुट्टीचे महिने वेगळे काढून, त्या महिन्यांत ठरलेल्या खर्चातलं किती सुटणार नाही ते आधीच मांडलेलं बरं, आणि तेवढी रक्कम भरलेल्या महिन्यांच्या नफ्यातून बाजूला काढून ठेवायची. भाडं काही सुट्टी घेत नाही.

खाडा कधी कळवला जातो, यावरही बरंच ठरतं. आदल्या रात्री नऊच्या आत निरोप आला तर ताई 90 रुपये सोडतात, पण त्या डब्याचा माल, गॅस, साबण, पेट्रोल मिळून कागदावरचे 42 वाचतात. गेले ते शिल्लकीचे 48. तोच निरोप सकाळी दहाला, भाजी-भात उतरवल्यावर आला आणि तरीही पैसे कापून दिले, तर वाचतात फक्त साबण-पेट्रोलचे 5. गेले 85. म्हणून "रात्री नऊनंतरचा खाडा धरला जाणार नाही" हा नियम पहिल्याच दिवशी, गिऱ्हाईक जोडतानाच सांगावा. नंतर सांगायला गेलं की तो भांडणाचा विषय होतो. ऐन वेळच्या आजारपणाला कुणी सूट दिली तर ती माणुसकी आहे आणि ती असावी, पण अशा सवलती किती झाल्या ते वहीत वेगळं लिहावं.

अर्धा डबा ठेवला असेल, म्हणजे नुसती पोळी-भाजी, तर त्याची शिल्लक स्वतंत्र काढा. त्याचा दर कमी असतो, पण पेट्रोल आणि साबण तेवढंच लागतं, त्यामुळे तो नेहमी वाटतो त्यापेक्षा कमी उरवतो. पूर्ण डब्यामागे 44 आणि अर्ध्यामागे 32 उरत असतील आणि दर चार डब्यांत एक अर्धा जात असेल, तर तीन वेळा 44 आणि एकदा 32 यांची सरासरी 41 येते. भागाकार त्या 41 ने करायचा.

आता भाववाढ. पावसाळ्यात भाजी कडाडली, त्यातच तेल वर गेलं, आणि डब्याचा माल सहा रुपयांनी महागला असं धरू. 46 च्या खर्चावर 6 म्हणजे 13 टक्के, फार नाही असं वाटतं. पण घाव बसतो तो शिल्लकीवर. 44 चे झाले 38. मग 48,000 भागिले 38, म्हणजे 1,264 डबे, रोज 49. काल 42 ला जे भागत होतं त्याला आज 49 लागतात. त्यामुळे भाजीची बिलं बघून हळहळण्यापेक्षा शिल्लक किती उरली ते आधी काढा, मगच दर वाढवायचा की डब्यातली भाजी बदलायची ते ठरवा. दोन-तीन आठवड्यांची महागाई असेल तर मी दराला हात लावणार नाही. त्या दिवसांत मटकी, चवळी, पिठलं, बटाटा यांची पाळी वाढवली की फरक बराच भरून निघतो. तेल आणि डाळ महिनोन्‌महिने वरच राहिली तर मात्र दर वाढवावाच लागतो.

दर वाढवताना भीती असते ती गिऱ्हाईक तुटण्याची. ती भीती आकड्यात मांडता येते. समजा महिन्याला 1,200 डबे जातात. 38 च्या शिल्लकीने हातात 45,600 येतात, म्हणजे 48,000 च्या ठरलेल्या खर्चाला 2,400 कमी. दर 90 वरून 96 केला की शिल्लक पुन्हा 44. तेच 45,600 मिळवायला आता 1,037 डबे पुरतात. याचा अर्थ महिन्याला 163 डबे, म्हणजे 22 डब्यांच्या हिशोबाने सात गिऱ्हाईकं तुटली, तरी ताई आधीपेक्षा वाईट स्थितीत जात नाहीत, आणि कामही कमी होतं. त्याहून कमी तुटली तर फायदाच. सात तुटतील का तीन, हे गणित सांगू शकत नाही. ते आपल्या गिऱ्हाइकांना ओळखणाऱ्या माणसालाच कळतं.

शेवटची गोष्ट वाढीची. "ठरलेला खर्च" ठरलेला असतो तो एका मर्यादेपर्यंत. एका मावशींच्या हातून सकाळच्या वेळेत साठ डब्यांच्या, म्हणजे 240 पोळ्या होतात असं धरू. साठ डब्यांना, मूळच्या 44 च्या शिल्लकीने, महिन्याला 68,640 येतात. त्यातून 48,000 गेले की नफा 20,640. रोजचा एकसष्टावा डबा आला आणि ताईंनी 8,000 पगारावर दुसऱ्या मावशी ठेवल्या, तर ते 8,000 भरून काढायला महिन्याला 182 डबे जास्त लागतात, म्हणजे बरोबर रोजचे सात. 61 पासून 66 डब्यांपर्यंत ताई साठ डब्यांपेक्षा कमी कमावतात आणि काम मात्र जास्त करतात. 67 ला जाऊन पुन्हा साठइतकाच नफा होतो. डबे वाढले पण पैसे कुठे दिसेनात, अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणी याच पट्ट्यात अडकलेल्या असतात.

यावर एक साधा उपाय आहे. दुसऱ्या मावशींना पगारावर न ठेवता जास्तीच्या पोळ्या नगावर करून घ्यायच्या. पोळीला 2 रुपये मजुरी दिली तर डब्याला 8 रुपये खर्च वाढतो, पण तो फक्त साठाच्या वरच्या डब्यांवर. त्या डब्यांची शिल्लक 44 ऐवजी 36 होते. कमी झाली, तरी एकसष्टाव्या डब्यापासूनच ती भर टाकते, मधे खड्डा येत नाही. पगार परवडायला लागतो तो नगाची मजुरी 8,000 च्या पुढे गेल्यावर, म्हणजे महिन्याला 1,000 जास्तीचे डबे, रोजचे 38 ते 39. म्हणून रोजचे साधारण 98 डबे होईपर्यंत नगाचा हिशोब स्वस्त पडतो, 99 पासून पगार. आणि एखाद्या सुट्टीच्या महिन्यात डबे पुन्हा 55 वर आले, तर नगाच्या पोळ्यांचा खर्च त्या महिन्यात आपोआप शून्य होतो.